पू दिसला, पण केस कुठे आहे?

दाढीच्या जागेवर किंवा मांडीवर पांढऱ्या तोंडाची पुटकुळी उठली की घराघरात निदान ठरलेलं असतं. केसतोड झाला, पू धरला, म्हणजे जंतुसंसर्ग झाला. मग मेडिकलमधून मलमाची ट्यूब येते, किंवा दोन बोटांत धरून पुटकुळी पिळली जाते. यात गफलत एकाच ठिकाणी होते. पू म्हणजे जंतू, असं आपण धरून चालतो. खरं तर पू हा आपल्याच पांढऱ्या पेशींचा जमाव असतो. शरीराला परकं वाटणारं काहीही कातडीत शिरलं की या पेशी तिथे धावून येतात. ते परकं म्हणजे जिवाणू असू शकतं, तसाच स्वतःचाच एक केसही असू शकतो. त्यामुळे नुसता पू पाहून औषध ठरवता येत नाही. त्या पुटकुळीतला केस कुठे आहे, हे पाहिलं तर बरंच काही कळतं.

हे घरीही पाहता येतं. दोन-तीन दिवस दाढी करायची नाही, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात उभं राहायचं आणि साधं भिंग किंवा फोनचा कॅमेरा जवळ धरून एकेक पुटकुळी निरखायची. तीन प्रकारची चित्रं दिसतात आणि तिघांचे उपाय एकमेकांपासून पुरते वेगळे आहेत.

आधी केसाची जागा समजून घेऊ. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक, तिरप्या नळीतून वर येतो. नळीच्या तळाशी केसाचं मूळ असतं, आणि मध्येच कुठेतरी तेल सोडणारी एक ग्रंथी त्या नळीला येऊन मिळते. नळीचं तोंड उघडं असल्यामुळे कातडीवर एरवी निमूटपणे राहणारे जिवाणू तिथे कायम जवळपास असतात. वस्तऱ्यानं तोंड खरवडलं गेलं, घट्ट कपड्यानं घासलं गेलं किंवा घामानं आणि तेलानं बुजलं, की ते आत उतरतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकपुडीत तो कसलाही त्रास न देता मुक्कामाला असतो.

जिवाणू नळीच्या तोंडापाशीच अडला, तर पहिलं चित्र दिसतं. ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी पिवळट पुटकुळी, भोवती लाल कडं आणि बरोबर मध्यातून सरळ वर आलेला एक केस. यालाच फॉलिक्युलायटिस म्हणतात. खाज येते, थोडी जळजळ होते, पण ठणका नसतो. पुटकुळी फुटते, खपली धरते आणि सहसा व्रण न ठेवता जाते. दाढीत असेल तर ओठावर, मिशीच्या जागी आणि गालावरही ती दिसू शकते, कारण जिवाणूला केस सरळ आहे की कुरळा याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसऱ्या चित्रात केस मध्यातून आलेला दिसत नाही. पुटकुळीच्या शेजारी, कातडीच्या पातळ पापुद्र्याखाली, एक काळी रेघ किंवा अर्धवर्तुळ दिसतं. तो केस बाहेर आला, वाकला आणि एक-दोन मिलिमीटरवर टोकानं पुन्हा कातडीत शिरला. कधी तो बाहेर येतच नाही. कातडीच्या पातळीखाली कापला गेलेला केस वाढताना आतल्या आत नळीची भिंत भोसकून बाजूला घुसतो. पायात कुसळ शिरल्यावर त्या जागी जसा लाल, दुखरा उंचवटा येतो, तसाच इथेही येतो, फक्त कुसळ आपल्याच अंगचं असतं. हा आत वळलेला केस. दाढीत असे अनेक झाले की डॉक्टर त्याला स्यूडोफॉलिक्युलायटिस म्हणतात. त्यातला पू बऱ्याचदा निर्जंतुक असतो. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर काही उगवत नाही, किंवा कातडीवर नेहमी असणारे निरुपद्रवी जिवाणूच उगवतात.

स्ट्राउस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1956 मध्ये या विकाराचं नीट वर्णन केलं. पुढे अमेरिकी सैन्यात तो मोठा प्रश्न ठरला, कारण तिथे रोज गुळगुळीत दाढी सक्तीची आणि आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचे केस घट्ट कुरळे. आपल्याकडे तो तेवढ्या प्रमाणात दिसत नसला, तरी डोक्याचे केस सरळ आणि दाढीचे मात्र वळणाचे, अशी माणसं पुष्कळ असतात. अशांच्या गळ्यावर, जबड्याच्या हाडाखाली, जिथे केस वेगवेगळ्या दिशांना उगवतात, तिथे या गाठी येतात. मिशीची जागा सहसा स्वच्छ राहते. ही एक खूण मला फार कामाची वाटते. मानेवर गाठींचा सडा आणि ओठावर काहीच नाही, असं असलं तर आधी केसाचा विचार करावा, जंतूचा नंतर.

केस आत शिरतो कसा, याचं उत्तर कापण्याच्या पद्धतीत आहे. सलूनमध्ये एकदा वरून खाली वस्तरा फिरवून झाला की बरेच जण दुसरा हात उलटा मारून घेतात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध खालून वर. त्यासाठी न्हावी दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरतो. ताणलेली कातडी सोडली की कापलेला केस आत ओढला जातो आणि त्याचं टोक कातडीच्या पातळीखाली जातं. वस्तरा तिरपा लागल्यानं ते टोक तासल्यासारखं अणकुचीदार झालेलं असतं. घरच्या तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये हेच यंत्रानं घडतं. पहिलं पातं केस जरा उचलतं आणि मागचं पातं तो आणखी खाली कापतं. हात फिरवून गाल लोण्यासारखा लागतो तो यामुळेच. वळणाच्या केसाला मात्र एवढी खोल दाढी महागात पडते.

एक उदाहरण पूर्ण घेऊन बघू. समजा, चोवीस वर्षांचा एक मुलगा हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरीला लागला. दाढी रोज हवी, असा नियम. पहिल्याच महिन्यात जबड्याखाली पंधरा-वीस गाठी आल्या, त्यातल्या चार-पाचांना पांढरं तोंड. त्यानं मेडिकलमधून ट्यूब आणली. तीन दिवसांत लाली उतरली, खाज थांबली, म्हणून तो ती महिनाभर लावत राहिला. लावणं थांबवताच गाठी दुपटीनं आल्या आणि शिवाय ओठांच्या कडेला बारीक, लालसर, एकसारख्या पुटकुळ्या उठल्या. आता त्यानं ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं नाव तिथे असेल, तर त्यात तीव्र स्टेरॉइड आहे. बाजारात स्टेरॉइड, जिवाणूविरोधी आणि बुरशीविरोधी औषध एकत्र कोंबलेली मलमं सर्रास मिळतात. ती सूज दाबतात, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण आत शिरलेला केस तसाच राहतो, चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि औषध सोडलं की सगळं उफाळून वर येतं. मूळ आजार बुरशीचा असला तर ती या मलमाखाली पसरते आणि तिचं ओळखीचं, गोल कडा असलेलं रूपही पुसलं जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी कित्येक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे आपण सगळेच पाहतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. एखाद्या मुलाच्या चेहऱ्याचं हे नुकसान टाळता येण्यासारखं असतं.

या मुलाच्या गाठी भिंगाखाली पाहिल्या तर बहुतेकींच्या शेजारी काळी रेघ दिसेल. ओठ स्वच्छ, ताप नाही, एकही गाठ खोलवर ठणकत नाही. म्हणजे हा आत वळलेल्या केसांचा प्रकार. त्याचा खरा उपाय मलमात नसून दाढी थांबवण्यात आहे, आणि ती चार ते सहा आठवडे थांबवावी लागते. इथे बरेच जण धीर सोडतात, कारण पहिल्या आठवड्यात गाठी वाढतात. आधीच वाकलेले केस वाढून आत घुसत असतात आणि माणसाला वाटतं की दाढी न केल्यामुळेच हे झालं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास चित्र पालटतं. केस साधारण सेंटिमीटरभर लांब झाला की त्याचाच ताण टोकाला बाहेर खेचतो आणि तो आपसूक सुटतो. नोकरीत अडचण असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून तेवढ्या काळापुरतं पत्र घ्यावं, किंवा ट्रिमरनं केस दोन-तीन मिलिमीटर राखावेत.

या काळात दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं धरलं की वरचा पापुद्रा मऊ होतो. एखाद्या केसाची कमान कातडीवर स्पष्ट उठून दिसत असेल, तर स्पिरिटनं पुसलेल्या निर्जंतुक सुईनं ती कमान अलगद उचलून टोक मोकळं करता येतं. तिथेच थांबायचं. चिमट्यानं केस उपटायचा नाही. उपटला की नवा केस तळापासून वाढत येतो आणि बाहेर यायच्या आत पुन्हा भिंत भोसकू शकतो. कमान दिसत नसेल तर सुईनं शोधत बसू नये, कारण खोदकामातूनच मग खरा जंतुसंसर्ग होतो. डॉक्टर रात्री लावायला अडॅपलीनसारखं औषध देतात, ते नळीच्या तोंडाशी साचणारा मृत कातडीचा थर कमी करतं. सूज फार असेल तर अगदी सौम्य स्टेरॉइडही मोजके दिवस देतात. त्या ट्यूबमधला प्रकार आणि हा, यांत फरक आहे तो औषधाच्या जोराचा, मुदतीचा आणि देखरेखीचा.

गाठी पूर्ण बसल्यावर दाढी पुन्हा सुरू करता येते, पण जुन्या पद्धतीनं नाही. आंघोळीनंतर, केस पाण्यानं फुगलेले असताना, जेल लावून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवावं. एका पात्याचा रेझर, केसांच्याच दिशेनं, कातडी न ताणता, एकाच जागी पुन्हा पुन्हा न फिरवता. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे केस मिलिमीटरभर राखणारा ट्रिमर. सलूनमध्ये बसताच सांगून टाकावं, दादा, उलटी मारू नका. एवढं करूनही गाठी येतच राहिल्या तर लेझरनं केसच विरळ करण्याचा पर्याय असतो. आपल्या सावळ्या कातडीला त्यासाठी लांब तरंगलांबीचा, एनडी-याग प्रकारचा लेझर सुरक्षित मानला जातो. दुसऱ्या प्रकारचा लेझर चुकीच्या हातात भाजून डाग पाडू शकतो, म्हणून यंत्र कोणतं आहे हे आधी विचारावं.

याच मुलाची गोष्ट जरा बदलून पाहू. समजा, सलूनमधून आल्यावर दोन-तीन दिवसांतच पुटकुळ्या आल्या, ओठावरही आल्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध केस उभा आहे. मग हा जिवाणूंचा फॉलिक्युलायटिस. बहुतेक सलूनमध्ये आता वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालतात, पण ब्रश आणि टॉवेल तेच फिरत असतात. शेवटी चोळलेली तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळते, पण तिच्यावर जंतू मारण्याची भिस्त ठेवता येत नाही, आणि तुरटीचा तोच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला असतो. इथे आठवडाभर दाढी बंद ठेवली, साबणानं किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडच्या वॉशनं दिवसातून एकदा-दोनदा धुतलं, की मोजक्या पुटकुळ्या आपोआप जातात. (या वॉशनं रंगीत टॉवेलचा रंग उडतो, म्हणून पांढरा वापरावा.) पुटकुळ्या पसरत असल्या तर डॉक्टर म्युपिरोसिनसारखं मलम काही दिवस देतात. दाढीत हे महिनोन्‌महिने परत येत राहिलं तर नाकपुडीतून नमुना घेतात. हात नाकाला लागतो, मग गालाला लागतो, आणि जिवाणू तिथूनच पुन्हा पुन्हा येत असतो. तो सापडला तर नाकात लावण्याचं मलम पाच दिवस देतात.

मांड्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे वस्तऱ्याइतकाच दोष घासण्याला जातो. घट्ट जीन्स, सिंथेटिक अंतर्वस्त्रं, घामानं भिजलेले कपडे तासन्‌तास अंगावर ठेवून केलेला बाइकचा प्रवास, किंवा कारखान्यात यंत्राच्या तेलानं माखलेली पॅन्ट. तेलाचा भाग घरातही असतो. अंगाला तेल चोळताना केसांच्या उलट दिशेनं रगडलं की तेल आणि मळ नळीच्या तोंडात बसतो आणि मांडीच्या पुढच्या भागावर केसागणिक एक पुटकुळी उठते. तेल सोडायला नको, हात केसांच्या दिशेनं फिरवावा आणि पुटकुळ्या असेपर्यंत तेल बंद ठेवावं. वॅक्सिंग करणाऱ्या बायकांना दोन्ही प्रकार होतात. एक-दोन दिवसांत आलेल्या पुटकुळ्या बहुधा फॉलिक्युलायटिसच्या असतात. दोन-तीन आठवड्यांनी, नवे केस फुटू लागताना येतात त्यांत आत अडकलेले केस जास्त असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षं असलेले, न दुखणारे, हाताला खरखरीत लागणारे बारीक दाणे मात्र यांतले कुठलेच नव्हेत. ती कोरड्या कातडीची एक ठेवण आहे, तिला अँटिबायोटिकची गरज नसते.

आता तिसरं चित्र, गळवाचं. इथे जिवाणू नळीच्या तोंडाशी न थांबता तळापर्यंत उतरतो आणि भोवतालच्या मांसात पसरतो. केस शोधला तरी दिसत नाही. दिसते ती हरभऱ्याएवढी किंवा त्याहून मोठी, कडक, गरम, लालबुंद गाठ. खाज नाही, ठणका आहे. मांडीवर असेल तर चालताना लागते, बसवत नाही. चार-पाच दिवसांत ती मऊ पडते, पिकते, तोंड धरते. या टप्प्यावर कोमट फडक्यानं दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेकणं खरंच उपयोगी आहे. कांद्याच्या किंवा कणकेच्या पोटिसात उपयोग होतो तो त्याच उष्णतेचा, पण पोटीस चटका बसेल इतकं गरम लावून कातडी भाजून घेतलेली माणसं कमी नाहीत. पिकलेल्या मोठ्या गळवाचा मुख्य उपचार म्हणजे डॉक्टरांनी छोटा चिरा देऊन पू काढणं. पू आत कोंडलेला असताना नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण त्या पोकळीत औषध पुरेसं पोचत नाही. घरी पिळलं तर पू बाहेर येण्याऐवजी आत, खोलवर सरकतो.

नाक आणि वरचा ओठ या पट्ट्यातल्या गळवाला तर बोट लावू नये. तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागच्या शिरांमधून मेंदूपर्यंत जातो. तिथून संसर्ग आत जाणं क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. डोळ्याभोवती सूज, तीव्र डोकेदुखी आणि ताप असेल तर सकाळची वाट पाहू नये. मानेवर किंवा पाठीवर तीन-चार गळवं एकमेकांना मिळून चाळणीसारखी अनेक तोंडं असलेली गाठ झाली, तर ती काळपुळी. तिच्यासोबत ताप येतो, आणि बऱ्याचदा तिच्या निमित्तानं आधी माहीत नसलेला मधुमेह उघडकीला येतो. म्हणूनच सहा महिन्यांत दोन-तीनदा गळू झालेल्या माणसाची साखर तपासणं, हे माझ्या मते त्याला आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स लिहून देण्यापेक्षा आधीचं काम आहे. घरात एकामागून एक सगळ्यांना गळवं होत असतील तर टॉवेल, रेझर आणि पंचे वेगळे करून कपडे गरम पाण्यात धुवावेत.

जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेत वारंवार गळवं होणाऱ्यांची एक वेगळीच व्यथा असते. तीच जागा, दर काही आठवड्यांनी, चिरा, गोळ्या, पुन्हा तेच. गळवं जातात तिथे दोरीसारखे व्रण राहतात, कातडीखाली दोन गाठींना जोडणारी भुयारं होतात, आणि दोन तोंडांचे काळे ठिपके दिसतात. हा साधा जंतुसंसर्ग नाही. हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचा हा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. तो केसाच्या नळीतच सुरू होतो, पण अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लाजेनं लोक दाखवत नाहीत, दाखवलं तरी गळू म्हणून उपचार होतात, आणि योग्य नाव मिळेपर्यंत कित्येकांची वर्षं जातात. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी भुयारं कमी होतात. त्यामुळे जांघेत किंवा काखेत त्याच जागी सहा महिन्यांत दुसरं गळू आलं, तर पुढच्या वेळी ते बसण्याची वाट न पाहता, असतानाच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. आधीची किती झाली, कुठे कुठे झाली, घरात आणखी कुणाला असं होतं का, आणि सिगारेट ओढता का, हे प्रश्न तिथे विचारले जातील.